‘नमस्कार, फुकट आहे का पैसे लागतात?’ आरटीआयच्या अर्जासाठी असा मेसेज आला तर काय उत्तर द्यायचं

गावात, वॉर्डात, सोसायटीत जे लोक दुसऱ्यांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोणी हौसेने करतं, कोणी झेरॉक्सच्या दुकानात जोडधंदा म्हणून करतं, कोणी रिटायर झाल्यावर वेळ आहे म्हणून करतं. नंबर एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि मग अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, साधारण असा:

> नमस्कार सर. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देता असं समजलं. फुकट आहे का पैसे लागतात

नाव नाही, गाव नाही, काम काय तेही नाही. आपल्याला वाटतं आधी काम तरी सांगा की राव, डायरेक्ट पैशाचं काय विचारताय. पण रिक्षात बसण्याआधी भाडं विचारतात तसंच आहे हे, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, उलट समोरच्याने आधी कुठेतरी पैसे घालवलेले असतात किंवा खिशात मोजकेच असतात म्हणून तो पहिल्याच वाक्यात विचारतो. त्यामुळे उत्तरही पहिल्याच वाक्यात गेलं पाहिजे. आता ते कसं लिहायचं ते सविस्तर सांगतो, कारण ‘फुकट आहे’ आणि ‘पैसे लागतात’ ही दोन्ही उत्तरं आरटीआयच्या बाबतीत अर्धवट आहेत आणि पुढे भांडण तिथूनच सुरू होतं.

आधी पैसे वेगवेगळे करून घ्या

उत्तर टाइप करायच्या आधी स्वतःच्या डोक्यात तीन खाती वेगळी पाहिजेत. एक, तुम्ही स्वतः काय घेता. दोन, सरकार काय घेतं. तीन, वाटेत जातात ते, म्हणजे झेरॉक्स, पोस्ट, बसभाडं. समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो पण त्याला या तिन्हींची बेरीज हवी असते, त्याच्या दृष्टीने खिशातून गेले ते गेले, तुम्हाला गेले का तहसीलला गेले याने त्याला फरक पडत नाही.

सरकारचं खातं महाराष्ट्रात असं आहे. तहसील, झेडपी, नगरपालिका, तलाठी वगैरे राज्याच्या ऑफिसात अर्ज करायचा तर अर्जाची फी १० रुपये, बहुतेक लोक १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट अर्जावर चिकटवतात, नाहीतर ऑफिसात रोख भरून पावती घेता येते. माहिती मिळणार असेल तर कॉपीचे पानाला २ रुपये, ते नंतर, ऑफिसकडून पत्र आल्यावर भरायचे. माहिती पोस्टाने घरी मागितली तर टपालखर्च पण त्यात येतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पहिलं अपील, त्यावर २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, त्यालाही २० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाची फी नाही, फक्त तसा पुरावा अर्जाला जोडावा लागतो.

राष्ट्रीयीकृत बँक, पोस्ट, रेल्वे, पीएफ ऑफिस ही केंद्राची. तिथे फी १० रुपयेच पण कोर्ट फी तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावावी लागते, ऑनलाइन भरावी लागते किंवा ऑफिसात रोख भरून पावती घ्यावी लागते. हे इथे सांगायचं कारण म्हणजे पहिल्या मेसेजमध्ये ‘१० रुपयांचं तिकीट आणा’ असं सरसकट लिहून टाकलं आणि माणसाचं काम निघालं पीएफचं, तर त्याचे १० रुपये आणि एक फेरी वाया.

एवढं सगळं पहिल्या उत्तरात ओतायचं नाहीये हं. हे तुम्हाला माहीत पाहिजे म्हणून सांगितलं. पहिल्या उत्तरात यातलं फारतर तीन-चार ओळी जातात.

पहिली ओळ: उत्तर. नमस्काराच्या लगेच नंतर

बरेच जण नमस्काराला नमस्कार करतात आणि मग विचारतात, ‘काय काम आहे?’ किंवा ‘फोन करा, बोलू’. आपल्या बाजूने हे बरोबर वाटतं पण समोरच्याला काय दिसतं, तर पैशाचं विचारलं आणि हा टाळतोय, म्हणजे घेत असणार आणि भरपूर घेत असणार. निम्मे लोक तिथेच गळतात आणि गळतात ते नेमके ज्यांना फुकट मदत पाहिजे होती ते.

म्हणून पहिली ओळ अशी:

> नमस्कार. हो, अर्ज लिहून देतो, आणि लिहिण्याचे मी काही घेत नाही. सरकारी फी मात्र तुम्हाला भरावी लागेल.

किंवा तुम्ही पैसे घेत असाल तर:

> नमस्कार. हो, लिहून देतो. अर्ज लिहिण्याचे माझे १०० रुपये असतात, शिवाय सरकारी फी १० रुपये वेगळी.

दोन्ही सारखेच चांगले आहेत. पैसे घेणं म्हणजे काही पाप नाही, दोन तास बसून कोणाचे कागद चाळून नेमके प्रश्न काढायचे याला मेहनत लागते, त्यामुळे आकडा लिहिताना ‘माफ करा पण’, ‘काय करणार महागाई’ असलं काही लावायची गरज नाही, त्याने उलट माणसाला वाटतं की इथे घासाघीस चालते. आकडा सरळ लिहा आणि पुढच्या ओळीवर जा.

संबोधनाचं पण बघा. मेसेजमध्ये नाव नसेल आणि डीपीला गणपती किंवा नातवाचा फोटो असेल तर समोर दादा आहे का ताई हे कळत नाही, मग नुसतं ‘नमस्कार’ लिहा आणि ‘तुम्ही’ने बोला, ‘तुम्ही विचारलंत ते बरं केलंत’ हे बाईलाही चालतं पुरुषालाही. नाव कळल्यावर मग ताई, काका, मावशी जे शोभेल ते. आणि समोरच्याने ‘सर’ म्हटलं म्हणून तुम्ही साहेबी भाषेत ‘सदर सेवा विनामूल्य असून’ असं सुरू करू नका, त्याने नोटीस आल्यासारखं वाटतं.

‘खुशीने काय ते द्या’ हे लिहू नका

यावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि करणारे लोक चांगले असतात. आकडा सांगायची लाज वाटते म्हणून लिहितात ‘तुमच्या इच्छेने द्या’, ‘बघू नंतर’, ‘आधी काम होऊ द्या मग काय ते’. लिहिणाऱ्याला वाटतं आपण मोठं मन दाखवलं. वाचणारा मात्र अडकतो. किती दिले म्हणजे बरं दिसेल? ५० दिले तर कमी वाटेल का? नाही दिले तर पुढच्या वेळी हा माणूस फोन उचलेल का? ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला तर हे ठरलेल्या १०० रुपयांपेक्षा महाग पडतं कारण तो भीतीने २०० देतो, किंवा लाजेने येतच नाही.

आणि ‘आधी काम होऊ द्या’ हे तर आरटीआयमध्ये अजिबात नको. काम होणं म्हणजे काय इथे? माहिती मिळणं? ती देणं न देणं तुमच्या हातात नाहीये. त्यातून एक वेगळाच वास येतो, की याची आत ओळख आहे, पैसे त्याचे आहेत. सरकारी कामाच्या बाबतीत आपल्याकडे लोकांनी एवढं बघितलंय की ‘चहापाण्याचं बघा’ असं गमतीत लिहिलं तरी समोरचा त्याचा एकच अर्थ घेतो.

खरंच कोणी काही देऊ नये असं वाटत असेल तर तसं लिहा, ‘काही द्यायचं नाही, आग्रह पण करू नका’. आणि काही घेणार असाल तर आकडा लिहा. मधलं काही नको.

नंतर येणारे पैसे आत्ताच सांगा

आता एक पूर्ण केस घेऊ, वरच्याच मेसेजची. समजा मेसेज करणाऱ्या एक ताई आहेत, अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, पंचनामा झाला असं तलाठी म्हणतात पण यादीत यांचं नाव आहे का नाही कळत नाही, गावातल्या बाकीच्यांना पैसे आले यांना नाही. त्यांना गावाची नुकसानग्रस्तांची यादी आणि स्वतःच्या गटाच्या पंचनाम्याची कॉपी पाहिजे. अर्ज जाणार तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे.

हे काम आपल्याला पहिल्या मेसेजला माहीत नसतं. तरी तेव्हाच एक वाक्य लिहायचं असतं, ते म्हणजे ‘माहितीच्या कॉपीचे पानाला २ रुपये नंतर भरावे लागतात’. हे वाक्य गाळलं तर काय होतं बघा. ताई १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज देतात. वीस-बावीस दिवसांनी ऑफिसचं पत्र येतं की माहिती ४६ पानांची आहे, ९२ रुपये भरा आणि घेऊन जा. ताईंच्या डोक्यात तुमचं वाक्य आहे, ‘फक्त १० रुपये लागतात’. त्यांना वाटणार एकतर ऑफिसवाले उकळतायत नाहीतर तुम्ही खोटं बोललात. काही लोक मग रागाने पैसे भरतच नाहीत, पत्र कपाटात ठेवतात आणि ३० दिवस झाले म्हणून अपिलाच्या गोष्टी करतात, आणि इथे खरी गंमत आहे, पैसे भरा असं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० दिवसांत धरतच नाहीत. म्हणजे अपील करायला जातात तर उशीर ऑफिसचा नाहीच, यांचाच. सगळं एका वाक्यामुळे.

उलट बाजूही सांगून ठेवा, पण पुढच्या बोलण्यात, पहिल्या मेसेजला नाही. ऑफिसने ३० दिवसांची मुदत चुकवली तर कायद्याच्या कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, मग ते ९२ रुपये मागता येत नाहीत. हे ऐकून लोक खूश होतात.

तर ताईंच्या कामाचा हिशोब असा बसतो. अर्जाचे १० रुपये. अर्ज आणि सोबतच्या कागदांच्या झेरॉक्स, समजा १० रुपये. अर्ज स्वतः तहसीलला नेऊन आवक विभागात दिला आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घेतली तर पोस्टाचे शून्य, पण एसटीचं जाऊन-येऊन भाडं आहेच. पोस्टाने पाठवला तर स्पीड पोस्टचे धरा साठेक रुपये, अंतर आणि वजनाप्रमाणे कमी-जास्त. आणि कॉपीचे ९२. म्हणजे माहिती हातात येईपर्यंत स्वतः जाऊन केलं तर भाडं सोडून ११२ रुपये. ‘फुकट’ म्हणवणाऱ्या मदतीत ११२ रुपये. तुमच्या-माझ्यासाठी काही नाही, पण ज्यांनी पहिल्याच मेसेजमध्ये पैशाचं विचारलं त्यांना आधी कळलेलं बरं.

अपिलाचं काय? माझं मत असं की पहिल्या उत्तरात अपिलाचे २० रुपये सांगायची गरज नाही, पण तुम्ही स्वतः अपिलाला वेगळे पैसे घेत असाल तर मात्र तिथेच सांगायलाच पाहिजे. बरेच जण असंच करतात, अर्ज फुकट, अपील पैसे घेऊन, कारण अपिलाला सुनावणी असते, सोबत जावं लागतं, एक दिवस जातो. यात काही चूक नाही. पण माणूस अर्ज करून बसला, ३० दिवस वाट बघितली, उत्तर आलं नाही, आता अपिलाला तीसच दिवस आहेत, आणि तेव्हा तुम्ही म्हणालात की अपिलाचे ५०० होतील, तर त्याच्याकडे दुसरा पर्याय उरत नाही. तुमच्या मनात तसं नसलं तरी ते गळाला मासा लावल्यासारखं दिसतं. म्हणून एकच ओळ: ‘अर्जाचे काही नाही, पुढे अपील करावं लागलं आणि मी सुनावणीला सोबत यावं असं वाटलं तर ५०० रुपये आणि गाडीभाडं, नुसतं अपील लिहून हवं असेल तर तेही फुकट.’ एवढं सांगितलं की झालं.

तुमच्याशिवाय पण होतं हे सांगा

हा भाग पैसे घेणाऱ्यांना आवडत नाही, मला कळतं. पण पैसे लागतात का विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यायचं तर हे आलंच. आरटीआयचा अर्ज कोणीही साध्या कागदावर हाताने लिहू शकतो, जोडपत्र ‘अ’ नावाचा नमुना आहे तो कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे मिळतो, माहिती कशाला पाहिजे याचं कारण द्यावं लागत नाही. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलं तर ते लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचंच काम आहे, कलम ६(१) मध्ये तसं स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ऑफिसात गेल्यावर किती अधिकारी पेन काढून बसतात तो वेगळा विषय, त्यामुळे ‘तिकडे जा, ते फुकट लिहून देतात’ असं सांगून हात झटकणं पण खरं नाही. ऑनलाइनही करता येतं, राज्याच्या ऑफिसांसाठी rtionline.maharashtra.gov.in वर.

मेसेजमध्ये एवढं पुरे:

> अर्ज तुम्ही स्वतःही लिहू शकता, नमुना पाठवू का? लिहून बघा, मी फुकट वाचून दुरुस्त करून देईन. जमत नसेल तर मी लिहितो.

मग माझ्याकडे काम कशाला येईल असं वाटत असेल तर काळजी नको. नमुना घेऊन गेलेल्यातले बरेच परत येतात कारण अर्ज लिहिणं सोपं असलं तरी प्रश्न विचारणं सोपं नसतं. ‘माझे पैसे का आले नाहीत’ असं लिहिलं तर उत्तर येतं की ‘का’चं उत्तर देणं ही माहिती नाही. तेच ‘गट नंबर अमुकच्या पंचनाम्याची प्रत द्या, आणि मौजे अमुकच्या नुकसानग्रस्त शेतकऱ्यांच्या यादीची प्रत द्या’ असं कागदाचं नाव घेऊन मागितलं तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यात बसवायचं. १०० रुपये घेत असाल तर ते या कामाचे आहेत आणि कोणी विचारलं तर हेच सांगा.

आता पूर्ण उत्तर

फुकट करणाऱ्याचं, जसं मी पाठवीन तसं:

> नमस्कार. हो, अर्ज लिहून देतो, लिहिण्याचे मी काही घेत नाही.
> सरकारी खर्च तुमचा: अर्जाला १० रुपये, आणि माहिती द्यायला तयार झाले की कॉपीचे पानाला २ रुपये, ते नंतर. दारिद्र्यरेषेखाली असाल तर अर्जाचे १० रुपये लागत नाहीत. पोस्टाने पाठवलं तर पोस्टाचे वेगळे, स्वतः नेऊन दिलं तर नाही.
> माहिती मिळेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही, अर्ज नीट होईल हे बघतो.
> कोणत्या ऑफिसकडून काय माहिती पाहिजे तेवढं दोन ओळीत सांगा, बोलून पाठवलंत तरी चालेल.

बस. यात शेवटची ओळ महत्त्वाची आहे. पैशाचं उत्तर दिलं आणि थांबलं तर समोरचा ‘ओके’ लिहून गप्प होतो, त्याला पुढे काय बोलायचं सुचत नाही. एकच सोपा प्रश्न विचारा. एकच. आधार कार्डाचा फोटो, सातबारा, पासबुक हे पहिल्या मेसेजला मागू नका, आरटीआयच्या अर्जाला नाव, पत्ता आणि भारताचा नागरिक असणं एवढंच लागतं, आणि फुकट म्हणणारा माणूस लगेच आधार मागायला लागला तर हुशार माणूस नंबर ब्लॉक करतो, करायलाच पाहिजे.

खात्री देऊ शकत नाही हे वाक्य काही जणांना थंड वाटतं. मला वाटत नाही. पैसे घेत असाल तर ते आणखीनच पाहिजे, कारण १०० रुपये दिले म्हणजे यादी मिळणार असं माणूस गृहीत धरतो, आणि यादीत इतरांचे बँक खाते नंबर वगैरे असतील तर ते ऑफिस काळे करून देणार, तेव्हा अर्धी यादी दिली म्हणून तुमच्याकडे येणार.

वयस्कर माणूस असेल किंवा मेसेजची भाषा बघून वाटलं की वाचायला त्रास होत असेल तर हेच बोलून पाठवा, अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज. पण आकडे लिहूनही पाठवा, ‘१० रुपये आत्ता, पानाला २ रुपये नंतर, माझे काही नाही’. बोललेलं महिन्याने कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि लिहिलेलं असेल तर तो मेसेज मुलाला सुनेला दाखवतो, तेही बरंच आहे.

पुढचे दोन प्रश्न

पहिला येतो ‘खरंच फुकट?’ किंवा जरा धीट माणूस असेल तर ‘मग तुमचा काय फायदा?’ याचं उत्तर गोल गोल देऊ नका, ‘समाजसेवा आहे आपली’ म्हटलं की लोकांना निवडणूक जवळ आली का असं वाटतं. खरं काय ते लिहा. नोकरी करता आणि रविवारी हे करता, तर ते. झेरॉक्सचं दुकान आहे आणि झेरॉक्सचे पैसे मिळतात, तर तेच लिहा, ‘माझं दुकान आहे, झेरॉक्सचे पैसे घेतो, लिहिण्याचे नाही, झेरॉक्स दुसरीकडे काढलीत तरी लिहून देईन’. खरोखर निवडणुकीला उभे राहणार असाल तर तेही सांगा बुवा, लपत नाही ते.

दुसरा येतो पैसे घेणाऱ्यांना, ‘काही कमी नाही का होणार’. इथे दोन गोष्टी आधीच ठरवा, कोणाला कमी करणार आणि किती. प्रत्येकाला मूड बघून वेगळा आकडा सांगितला तर गावात आठ दिवसांत कळतं. मी म्हणेन की एकच सूट ठेवा आणि तीही सगळ्यांना माहीत असलेली, उदाहरणार्थ दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि विधवा-परित्यक्ता बायकांना काही नाही, बाकी सगळ्यांना १००. मग उत्तर सोपं होतं: ‘सगळ्यांना तेवढेच घेतो, तुम्ही या यादीत असाल तर नाही घेत, आणि नसाल तरी स्वतः लिहून आणलंत तर तपासायचे काही नाहीत’. यात कोणाला गरीब असल्याचं सिद्ध करायला लावू नका, सांगितलं की मान्य करा, १०० रुपयांसाठी दाखला कसला मागायचा. अर्जाची सरकारी फी माफ पाहिजे असेल तर पुरावा ऑफिस मागणारच आहे.

आणि कधीकधी प्रकरण आरटीआयचं नसतंच. बोलता बोलता कळतं की जमिनीचा दावा आहे, नवऱ्याने घरातून काढलंय, तिथे माहितीचा अर्ज करून उपयोग नाही, वकील पाहिजे. तेव्हा फुकटचं खरं उत्तर वेगळं आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत, फोन १५१००. आणि तो वकील पैसे मागू शकत नाही, हेही सांगा, म्हणजे मागितले तर त्यांना कळेल.

पैसे हातात घेताना

सरकारी फी तुमच्या हातातून जाऊच देऊ नका, हा माझा हट्ट आहे. ‘१० रुपये गुगल पे करा, तिकीट मी लावतो’ हे सोयीचं आहे पण मग तुमच्या खात्यात त्यांचे पैसे दिसतात आणि फुकट म्हणणाऱ्याने पैसे घेतले एवढंच लोकांना कळतं. तिकीट त्यांनाच आणायला सांगा. मिळालंच नाही तर ऑफिसात रोख भरून पावती. ९२ रुपये तर त्यांनीच ऑफिसात भरायचे, पावती त्यांच्या नावाची येते, ती अर्जाच्या कॉपीला पिन करून ठेवायला सांगा.

तुमची फी असेल तर ती कधी घेणार हे पण मेसेजमध्ये असू द्या. माझ्या मते अर्ज लिहून झाला, वाचून दाखवला, त्यांना पटला, की मग. क्यूआर कोड पहिल्या मेसेजसोबत पाठवणं मला अजिबात आवडत नाही, नमस्काराला क्यूआर म्हणजे दारात उभं राहूनच बिल.

तुमच्या नावाने दुसरा कोणीतरी पैसे घेतोय असं कळलं, आणि हे होतं, तहसीलच्या बाहेर बसलेला कोणी म्हणतो ‘सरांचंच काम आहे, २०० द्या’, तर त्या दिवसापासून उत्तरात एक ओळ वाढवा: ‘माझ्या वतीने कोणीही पैसे घेत नाही, कोणी मागितले तर मला कळवा.’ उगाच आधीपासून लिहू नका, नाहीतर साध्या माणसाला वाटतं इथे काहीतरी भानगड आहे.

सेव्ह करून ठेवायचं असेल तर

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये झटपट उत्तर सेव्ह करता येतं, `/फी` असं काही टाइप केलं की सगळं उत्तर येतं. वापरा, पण आपोआप जाणारं उत्तर नको, कारण नमस्कार करणारा प्रत्येक जण पैशाचं विचारत नाही, आणि ज्याने नुसता नमस्कार केला त्याला फीचा तक्ता गेला तर तो बिचारा घाबरतो. सेव्ह केलेलं उत्तर टाकायचं, मग वर त्याने लिहिलेल्यातलं काहीतरी धरून एक ओळ हाताने लिहायची, ‘तुम्ही माळशिरसहून लिहिताय म्हणजे अर्ज तिथल्याच तहसीलला द्यायचा असेल ना?’ असं. मग पाठवायचं.

सेव्ह केलेल्या उत्तरात पोस्टाचा आकडा घालू नका, तो बदलत राहतो. अर्जाचे १० आणि पानाचे २ चालतील. आणि उत्तर देऊनही समोरून काही आलं नाही तर तीन-चार दिवसांनी एकदाच विचारा, ‘अर्जाचं काय ठरलं? नमुना पाठवू का?’ तरीही गप्प असतील तर सोडून द्या. कदाचित त्यांनी स्वतःच लिहून दिला असेल.